बाजार तापला की हात आखडता

3 जून 2024, सोमवार. एक्झिट पोलचे आकडे शनिवारी संध्याकाळीच आले होते आणि बाजार उघडताच खरेदीची झुंबड उडाली. दिवस संपताना निफ्टी 3.25 टक्क्यांनी वर, 23,263.90 वर बंद झाला. अशा संध्याकाळी ज्याच्या हातात शेअर्स असतात त्याला ते कमी वाटतात आणि ज्याच्या हातात नसतात त्याला गाडी सुटल्यासारखं वाटतं. दोघांनाही उद्या आणखी घ्यावंसं वाटतं.

त्याच संध्याकाळी एक साधा हिशेब मात्र उलटं सांगत होता. तो म्हणत होता, उद्या सकाळी पोझिशन निम्म्याहून कमी करा. त्याला निवडणुकीचा निकाल ठाऊक नव्हता, एक्झिट पोल चुकणार हेही ठाऊक नव्हतं. मागच्या वीस दिवसांत निफ्टी रोज किती हलला, एवढंच त्याने मोजलं होतं. आजचं हे हलणं गेल्या वर्षभराच्या मानाने कुठे बसतं, तेही पाहिलं होतं. या मापाला हिस्टॉरिकल व्हॉलॅटिलिटी पर्सेंटाइल म्हणतात. ते काय सांगतं आणि कुठे फसतं हे समजून घ्यायला त्या जूनसारखा महिना शोधून सापडणार नाही.

आधी मोजणी. रोजच्या बंद भावावरून रोजचा टक्क्यातला बदल काढायचा. वर गेला की खाली, हे पाहायचं नाही, कारण त्या आकड्याचा वर्ग करताच चिन्ह निघून जातं. शेवटच्या वीस दिवसांच्या वर्गांची सरासरी घेऊन तिचं वर्गमूळ काढलं की बाजार दिवसाला साधारण किती हलतो ते कळतं. वर्षात बाजाराचे दिवस सुमारे 252 असतात, म्हणून या आकड्याला 252 च्या वर्गमूळाने, म्हणजे जवळजवळ 16 ने गुणून तो वार्षिक करतात. मे 2024 अखेर निफ्टी दिवसाला 0.66 टक्क्यांच्या आसपास हलत होता. वार्षिक हिशेबाने ती व्हॉलॅटिलिटी साडेदहा टक्के झाली.

साडेदहा म्हणजे जास्त की कमी? नुसत्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. शांत चालणाऱ्या एखाद्या औषध कंपनीच्या शेअरला पंचवीस टक्केही नेहमीचे असतात आणि निफ्टीला तेच पंचवीस म्हणजे ताप असतो. इथे पर्सेंटाइल उपयोगी पडतो. सीईटीचा निकाल ज्यांच्या घरी लागला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पोराला गुण किती पडले यापेक्षा त्याच्या मागे किती जण आहेत हे तिथे महत्त्वाचं असतं. इथे आजच्या व्हॉलॅटिलिटीची स्पर्धा त्याच निर्देशांकाच्या मागच्या 252 दिवसांच्या व्हॉलॅटिलिटीशी असते. त्यातले 189 दिवस आजच्यापेक्षा शांत असतील तर पर्सेंटाइल 75.

एक्सेलमध्ये हे तीन सूत्रांचं काम आहे. B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून बंद भाव भरले, तर C मध्ये रोजचा बदल, D मध्ये वार्षिक व्हॉलॅटिलिटी आणि E मध्ये पर्सेंटाइल येतो:

```
C3:   =LN(B3/B2)
D22:  =SQRT(SUMSQ(C3:C22)/20*252)
E274: =COUNTIF(D22:D273,"<"&D274)/252
```

याचीच एक बहीण आहे, तिला व्हॉलॅटिलिटी रँक म्हणतात, आणि पुष्कळ लोक दोघींची गल्लत करतात. रँकमध्ये वर्षातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा घेऊन आजचा आकडा त्या पट्टीवर कुठे पडतो ते बघतात. वर्षात एकच भयंकर आठवडा येऊन गेला तर ती पट्टी इतकी लांबते की त्यानंतरची चांगली गरमागरमीही तळाशी दिसते. पर्सेंटाइल दिवसांची डोकी मोजतो, म्हणून एका आठवड्याने तो इतका वाकत नाही. पोझिशनचा आकार ठरवायला मी पर्सेंटाइलच घेईन.

पण मागची व्हॉलॅटिलिटी पाहून पुढचा आकार का ठरवायचा? भाव उद्या वर जाईल की खाली, हे कालच्या भावावरून कळत नाही. उद्या तो किती हलेल, याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो. मोठ्या हालचालींच्या पाठोपाठ मोठ्या हालचाली येतात, मग त्या कुठल्याही दिशेच्या असोत, आणि शांत दिवसांमागे शांत दिवस येतात. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी 1963 मध्ये कापसाच्या भावांचा अभ्यास करताना हे नोंदवलं होतं. रॉबर्ट एंगल यांनी 1982 मध्ये याच स्वभावाला गणिती रूप दिलं आणि त्या कामाबद्दल त्यांना 2003 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भावाची दिशा हाती लागत नसेल, तर निदान त्याच्या अंगातली खळबळ पाहून आपली उडी किती मोठी ठेवायची हे ठरवावं, एवढाच या पद्धतीचा दावा आहे.

आता तो जून पैशांत मांडून पाहू. समजा एका ट्रेडरने निफ्टीच्या ईटीएफसाठी 10 लाखांचा पाया धरला आहे. त्याचा नियम असा: 1.25 मधून पर्सेंटाइल वजा करायचा आणि येणाऱ्या गुणकाने पायाला गुणायचं. बाजार अगदी थंड, पर्सेंटाइल शून्य, तर साडेबारा लाख. मधोमध असेल तर साडेसात लाख. शंभरावर असेल तर अडीच लाख. 31 मे रोजी साडेदहा टक्क्यांची व्हॉलॅटिलिटी त्या वर्षाच्या मानाने मधल्या फळीतली होती. हिशेबापुरता पर्सेंटाइल 55 धरला, तर गुणक 0.70 येतो आणि हातात सात लाखांची पोझिशन राहते.

सोमवारी 3.25 टक्क्यांची तेजी आली. सात लाखांचे सव्वासात लाख झाले. पण वर्ग काढताना ही एकटी तेजी मागच्या वीस दिवसांच्या एकत्रित बेरजेहून मोठी ठरली, आणि व्हॉलॅटिलिटी साडेदहावरून एकदम साडेपंधराच्या जवळ गेली. जानेवारी 2024 मधल्या घसरणीच्या दिवसांत ती जिथे होती, साधारण तिथेच. पर्सेंटाइल नव्वदीच्या वर गेला. तो 95 धरला तर गुणक 0.30 येतो, म्हणजे फक्त तीन लाख ठेवायचे आणि सव्वाचार लाखांचं विकायचं. आनंदाच्या दिवशी विकायला लावणारा नियम मनाला पटणं कठीण असतं. पण त्याची खरी खुबी इथेच आहे. मोठी तेजी हीसुद्धा खळबळ असते, आणि ज्या बाजाराने एका दिवसात सव्वातीन टक्के वर उडी मारली, तो दुसऱ्या दिवशी तेवढाच खालीही जाऊ शकतो.

4 जूनच्या सकाळी बाजार उघडला तेव्हा घसरण किरकोळ होती, साधारण 23,180. नियम पाळणाऱ्याला बाहेर पडायला तेवढी जागा मिळाली. मग मतमोजणीचे कल येत गेले. निफ्टी दिवसअखेर 5.93 टक्क्यांनी पडून 21,884.50 वर बंद झाला. उघडल्यापासूनची घसरण धरली तर तीन लाखांवर सुमारे 17 हजार गेले. पोझिशन तशीच ठेवली असती तर 40 हजार गेले असते. 23 हजार वाचले.

इथे थांबलं तर गोष्ट फार छान वाटते. पण ती इथे थांबत नाही. त्या संध्याकाळी व्हॉलॅटिलिटी साडेसव्वीसच्या घरात गेली, पर्सेंटाइल शंभरावर, आणि नियमाने पोझिशन अडीच-पावणेतीन लाखांवर रोखून धरली. बाजार मात्र दुसऱ्याच दिवशी 3.36 टक्क्यांनी उसळला. सरकारचं चित्र स्पष्ट झालं आणि त्यानंतर एकेक दिवस पाव टक्का, अर्धा टक्का असा तो संथपणे चढत गेला. 27 जूनला निफ्टी पहिल्यांदाच 24,000 च्या वर बंद झाला. 3 जुलैपर्यंत 4 जूनच्या बंदपासून जवळजवळ 11 टक्क्यांची चढण झाली होती. नियम न पाळणाऱ्याला त्यात सुमारे 75 हजार मिळाले, पाळणाऱ्याला साधारण 30 हजार. वाचवलेले 23 हजार आणि हुकलेले 45 हजार समोरासमोर ठेवले, तर त्या महिन्यात ही पद्धत तोट्याची ठरली.

असं का झालं? 6 जूननंतर बाजार शांत झालाच होता. 7 जूनचा दोन टक्क्यांचा दिवस सोडला, तर महिनाभरात एकही दिवस पाऊण टक्क्याहून फार जास्त हलला नाही. तरीही व्हॉलॅटिलिटीचा आकडा 2 जुलैपर्यंत साडेसव्वीसच्या आसपास किंवा त्याहून वरच बसून होता, कारण 4 जूनचा तो एक दिवस वीस दिवसांच्या खिडकीत अडकून पडला होता. 3 जुलैला तो बाहेर पडला आणि आकडा एका दिवसात साडेपंधराच्या आसपास आला. 4 जुलैला 5 जूनची उसळीही बाहेर गेली आणि आकडा दहाच्या जवळ. दोन दिवसांत साडेसव्वीसवरून दहा, आणि या दोन दिवसांत बाजाराने काहीच विशेष केलं नव्हतं. जे बदललं ते फक्त आपल्या मोजण्याच्या खिडकीत काय दिसतं ते.

ज्यांच्या आलेखात व्हॉलॅटिलिटी अशी कडा तुटल्यासारखी खाली येते, त्यांनी आधी बरोबर वीस दिवसांपूर्वीची तारीख उघडून बघावी. तिथे मोठा दिवस सापडला, तर ही शांतता आजची नाही, जुना दिवस गळाल्याची आहे. याच्यावर एक जुना उपाय आहे. जे. पी. मॉर्गनने 1994 मध्ये रिस्कमेट्रिक्स नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात कालच्या दिवसाला जास्त वजन असतं आणि मागे जावं तसतसं ते रोज 0.94 पटीने कमी होत जातं. मोठा दिवस एकदम गळून पडत नाही, हळूहळू विरतो. आधी या पद्धतीने व्हॉलॅटिलिटी काढायची आणि मग तिचा पर्सेंटाइल घ्यायचा. असं केलं असतं तर जूनच्या मध्यापासूनच पोझिशन थोडी थोडी वाढू लागली असती.

मग हा नियम पाळावाच कशाला? त्याचं उत्तर मार्च 2020 मध्ये आहे. 9 मार्चला निफ्टी 4.9 टक्क्यांनी पडून 10,451.45 वर बंद झाला. त्या दिवशी वीस दिवसांची व्हॉलॅटिलिटी 27 टक्क्यांच्या आसपास होती. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कर कमी केल्याच्या दिवशी जी मोठी उसळी आली, तेव्हाची गरमी सोडली तर वर्षभरात असा आकडा नव्हता. पर्सेंटाइल शंभराला टेकला होता. 10 तारखेला होळीची सुट्टी होती. 11 तारखेला बाजार जवळजवळ तिथेच बंद झाला, म्हणजे पोझिशन कापायला पूर्ण दिवस मिळाला. त्यानंतर 12 मार्चला 8.3 टक्के, 16 ला 7.6 टक्के आणि 23 मार्चला एका दिवसात 12.98 टक्के. निफ्टी 7,610.25 वर आला. नऊ तारखेपासून 27 टक्के. सात लाखांवर एक लाख 90 हजार गेले असते, अडीच लाखांवर 68 हजार गेले. जूनमध्ये हुकलेल्या 45 हजारांचं मोल या सव्वा लाखाशी ताडून पाहायला हवं. उन्हाळ्यातल्या एखाद्या झटपट सावरणाऱ्या धक्क्यात ही पद्धत पैसे खाते. बाजार धक्क्यामागून धक्के देत राहिला की तेच पैसे कितीतरी पटीने परत करते. आपल्या वाट्याला पुढे कोणता काळ येणार हे आधी सांगता येत नाही.

मार्च 2020 नेच या मापाची सर्वांत मोठी मर्यादाही दाखवली. 9 मार्चला व्हॉलॅटिलिटी 27 होती, 23 मार्चला ती 78 च्या आसपास पोचली, जवळजवळ तिप्पट. पर्सेंटाइल मात्र दोन्ही दिवशी शंभरच होता. पहिला नंबर आला की त्यापुढे किती गुणांनी आला हे पर्सेंटाइल सांगत नाही. अडीच लाखांची पोझिशन 9 तारखेच्या सुमारास दिवसाला चार-सव्वाचार हजारांनी हलत होती, 23 च्या सुमारास बारा हजारांनी. नियमाच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. म्हणून मी पर्सेंटाइलच्या जोडीला एक सरळ मर्यादाही लावेन: 15 ला आजच्या व्हॉलॅटिलिटीने भागायचं आणि येणारा गुणक पर्सेंटाइलच्या गुणकापेक्षा लहान असेल तर तो घ्यायचा. 78 वर तो 0.19 येतो, म्हणजे अडीच लाखांऐवजी 1.9 लाख.

त्या महिन्याची सावली पुढेही वर्षभर राहिली. 252 दिवसांच्या यादीत मार्च-एप्रिल 2020 चे आठवडे वरच्या जागा अडवून बसले होते. एरवी गरम समजली जाणारी व्हॉलॅटिलिटी त्यामुळे मध्यम दिसू लागली आणि नियम जास्त पोझिशन घ्यायला सांगू लागला. एका वर्षाऐवजी तीन किंवा पाच वर्षांची यादी धरली तर हा दोष बराच कमी होतो. बाजार आपला स्वभाव बदलतो तेव्हा मात्र लांब यादी तो बदल उशिरा ओळखते. दोन्हींतलं एक निवडावं लागतं. निर्देशांकासाठी मी तीन वर्षं धरेन.

या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे शांत बाजारात पोझिशन वाढवणं, मला जास्त धोक्याचा वाटतो. शांतता ही पुढच्या शांततेची खूण असते, पण हमी नसते, आणि सर्वांनी एकाच शांततेच्या भरवशावर पोझिशन फुगवलेली असली की पहिला धक्काच मोठा बसतो. अमेरिकेत 2017 हे वर्ष कमालीचं शांत गेलं. तिथला व्हीआयएक्स निर्देशांक नोव्हेंबरमध्ये 9.14 पर्यंत उतरला होता. 5 फेब्रुवारी 2018 ला एस अँड पी 500 फक्त 4.1 टक्क्यांनी पडला, पण व्हीआयएक्स एका दिवसात 17.31 वरून 37.32 वर गेला. शांतता टिकेल यावर पैसे लावणारं एक्सआयव्ही नावाचं साधन एका रात्रीत नव्वद टक्क्यांहून जास्त बुडालं आणि ते काढणाऱ्या क्रेडिट स्विसला ते बंदच करावं लागलं. त्या दिवसांत पर्सेंटाइल पाहून पोझिशन वाढवणाऱ्यांनी नियम तंतोतंत पाळला होता.

आपल्याकडे यावर एक तपासणी सहज करता येते. हिस्टॉरिकल व्हॉलॅटिलिटी मागे पाहते, तर ऑप्शनच्या भावांतून काढला जाणारा इंडिया व्हीआयएक्स पुढची भीती दाखवतो. 31 मे 2024 ला मागची व्हॉलॅटिलिटी साडेदहा होती आणि इंडिया व्हीआयएक्स 24 च्या आसपास होता. ऑप्शन विकणाऱ्यांना निकालाची तारीख माहीत होती, मागच्या वीस दिवसांना नव्हती. या दोन आकड्यांत एवढं अंतर असेल तर पर्सेंटाइल कितीही कमी दिसो, पोझिशन वाढवायची नाही. अर्थसंकल्प आणि निकालांसारख्या तारखांसाठी तर हा नियम कायमचा लिहून ठेवावा. वाढीच्या बाजूला 1.25 ऐवजी 1 हीच छत ठेवली तरी पद्धतीचा बहुतेक फायदा शिल्लक राहतो, कारण तो कमी करण्यातून येतो.

संशोधकांतही यावर एकमत नाही. अॅलन मोरेरा आणि टायलर म्युर यांनी 2017 मध्ये दाखवलं की व्हॉलॅटिलिटी वाढल्यावर हात आखडला तर जोखमीच्या मानाने परतावा सुधारतो. 2020 मध्ये स्कॉट सेडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की आधी न पाहिलेल्या काळात प्रत्यक्ष राबवल्यावर तो फायदा बराचसा नाहीसा होतो. मोठी पडझड झेलता आली नाही म्हणून तळाशी सगळं विकणाऱ्या माणसाला या वादातला कोणता पक्ष बरोबर हे फारसं लागू होत नाही. त्याच्यासाठी अडीच लाखांचीच पोझिशन असणं आणि ती टिकवता येणं, हाच फरक असतो.

प्रत्यक्ष राबवताना रोज थोडं विकणं-घेणं परवडत नाही. गुणक 0.70 वरून 0.66 झाला म्हणून ऑर्डर टाकायची नाही. चालू पोझिशन ठरलेल्या आकारापासून पाचव्या हिश्श्याहून जास्त सरकली तरच हात लावायचा. डिलिव्हरीत शेअर किंवा ईटीएफ ठेवणाऱ्याला वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर कर लागतो, आणि 23 जुलै 2024 पासून तो 15 वरून 20 टक्के झाला आहे. दर महिन्याला एसआयपी भरून पंधरा वर्षं थांबणाऱ्याने या भानगडीत पडूच नये. व्हॉलॅटिलिटी वाढलेली असते तेव्हाच त्याला स्वस्तात युनिट मिळत असतात.

फ्युचर्समधल्या छोट्या ट्रेडरपुढे वेगळीच अडचण आहे. त्याच्याकडे एकच लॉट असेल तर 0.30 हा गुणक लागू कसा करायचा? निफ्टीचा लॉट जून 2024 मध्ये 25 चा होता, तेव्हा एका लॉटची किंमत साडेपाच-पावणेसहा लाख होती. सेबीच्या नव्या नियमांनी कराराची किमान किंमत 15 लाख केली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये लॉट 75 चा झाला. एका लॉटवाल्याला आता दोनच पर्याय उरतात, पूर्ण ठेवा किंवा पूर्ण सोडा. ज्याचं भांडवल निदान चार लॉट पेलत नाही, त्याने हा नियम फ्युचर्सवर न लावता ईटीएफवर लावावा. तिथे एकेक युनिट विकता येतं.